जाडी दुप्पट केली, ताण तेवढाच: नवी मुंबईतल्या एका फिरत्या कड्याचं प्रकरण

नेरुळच्या बाजूच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाच्या चौघांनी ऊर्जा साठवणारं फ्लायव्हील प्रकल्पासाठी घेतलं होतं. लिफ्टसारखं यंत्र ब्रेक लावताना जी ऊर्जा उष्णतेत घालवतं ती जड चाकात साठवायची आणि पुढच्या वेळी परत घ्यायची, अशी कल्पना. चाक म्हणजे माइल्ड स्टीलची 10 मिलिमीटर जाड, 60 मिलिमीटर रुंद पट्टी गोल वाकवून टोकाला टोक वेल्ड केलेलं कडं. सरासरी व्यास 500 मिलिमीटर, आत सहा आरे, मधे हब आणि वेग मिनिटाला 6000 फेरे. पट्टी रबाळे एमआयडीसीतल्या एका रोलिंगवाल्याकडे वाकवायला जायची होती. त्याआधी आकडेमोड कुणीतरी बाहेरच्याने तपासावी असं त्यांच्या मार्गदर्शकांना वाटलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

गटातल्या मुलीचा पहिलाच प्रश्न होता, "सर, आमची एक्सेल शीट अडकलीय का बघता? जाडी 10 ची 20 केली तरी स्ट्रेस हलतच नाही."

शीटमध्ये ताणाचा आकडा होता 1217 मेगापास्कल. साध्या स्टीलला तो कुठल्याच अर्थाने झेपणारा नाही, म्हणून मुलं जाडी वाढवून बघत होती. 10, 12, 16, 20, काहीही टाका, उत्तर 1217. कुठेतरी सेल लॉक झालाय अशी त्यांची खात्री झाली होती. खरं तर शीटमध्ये न हलणं तेवढं बरोबर होतं. चुकलेला होता तो आकडा.

आधी न हलण्याबद्दल. फिरत्या कड्याचे मनातल्या मनात दोन अर्धे करा. प्रत्येक अर्धा बाहेर उडायला बघतो आणि त्याला धरून ठेवतात ते फक्त कापलेले दोन छेद. बाहेर ओढणारं बल येतं कड्याच्या स्वतःच्या वस्तुमानातून. छेदाचं क्षेत्रफळ A, घनता ρ आणि कड्याचा परिघावरचा वेग v धरला, तर अर्ध्या कड्याची ओढ 2ρAv² भरते. दोन छेद मिळून धरतात ती ताकद 2σA. दोन्ही समान ठेवली की A दोन्हीकडून जातो आणि उरतं

σ = ρv²

पट्टी दुप्पट जाड केली की धरणारं धातू दुप्पट होतं, पण उडू पाहणारं धातूही दुप्पट होतं. कडं ओझं वाहतं ते स्वतःचंच, त्यामुळे ते जाड करून मजबूत होत नाही. आणि जड केलं म्हणून लवकर फुटतही नाही. या दुसऱ्या समजुतीचेही लोक मला नेहमी भेटतात.

मग 1217 कुठून आला? मुलांनी सगळ्या कड्याचं केंद्रोत्सारी बल काढलं होतं: वस्तुमान 7.4 किलो, त्रिज्या पाव मीटर, कोनीय वेग सेकंदाला 628 रेडियन. गुणाकार 730 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 74 टन. हा आकडा बरोबर आहे. पण ते बल एका दिशेला नाही. ते परिघाच्या प्रत्येक बिंदूतून बाहेर, वेगवेगळ्या दिशांना ओढतं आणि बरंचसं एकमेकांना रद्द करतं. मुलांनी ते सगळं एकाच छेदावर टाकलं. कड्यातली खरी ओढ या बेरजेच्या 2π पटीने कमी, म्हणजे 116 किलोन्यूटन. तिला 600 चौरस मिलिमीटरने भागलं की 194 मेगापास्कल येतात. सूत्राने थेट पडताळा: परिघावरचा वेग सेकंदाला 157 मीटर, त्याचा वर्ग सुमारे 24,700, गुणिले 7850. तेच 194. तुमच्या हाती अशी शीट आली आणि आकडा सहापटीहून थोडा जास्त वाटला, तर आधी हा 2π शोधा.

सूत्रात व्यासही नाही, हे मुलांना जाडीपेक्षा जास्त खटकलं. व्यास फक्त वेगातून आत येतो. लहान कडं जोरात फिरवा किंवा मोठं कडं सावकाश, परिघावरचा वेग सारखा असेल तर ताण सारखाच. याची साक्ष कुठल्याही वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलेली असते. चार इंची कटिंग डिस्कवर कमाल 15,300 फेरे लिहिलेले असतात आणि चौदा इंची डिस्कवर 4300 च्या आसपास. दोन्हींचा परिघावरचा वेग काढला तर सेकंदाला 80 मीटरच येतो, आणि डिस्कवर बारीक अक्षरात तो छापलेलाही असतो. डिस्क ही चकती आहे, पातळ कडं नव्हे, त्यामुळे तिच्यातल्या ताणाचा गुणक थोडा वेगळा पडतो. पण मर्यादा ठरते परिघावरच्या वेगानेच. चार इंची ग्राइंडरचं गार्ड काढून त्यावर सात इंची डिस्क चढवणाऱ्यांना नेमकं हेच माहीत नसतं. ग्राइंडरचे फेरे तेवढेच राहतात, पण ताण तिप्पट होतो.

रबाळ्याचे रोलिंगवाले काका मात्र ऐकेनात. त्यांचं आयुष्य टाक्यांची आणि दाबपात्रांची कवचं वाकवण्यात गेलेलं. "जाडी वाढवली की सुटतं साहेब, आम्ही रोज बघतो," हे त्यांचं म्हणणं. टाकीच्या बाबतीत ते अगदी खरं आहे. तिथे ओझं आतल्या वायूचं किंवा पाण्याचं असतं, पत्रा जाड केला म्हणून आतला दाब वाढत नाही. इथे ओझं पत्र्याचंच आहे. हे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "म्हणजे आमच्या टाकीच्या बाहेरून कुणी शिशाचे गोळे चिकटवले तर?" प्रश्न फार नेमका होता. त्याच्याकडे पुढे येतो, कारण मुलांच्या ड्रॉइंगमध्ये तसे गोळे होते.

आता 194 मेगापास्कल चालेल का ते पाहू. नेहमीचं माइल्ड स्टील, भारतीय मानक 2062 चं ई250, सुमारे 250 मेगापास्कलला कायमचं ताणायला लागतं. वरवर बघता जागा आहे. पण ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ही जागा दिसते तेवढी नाही: 6000 चे 6800 फेरे झाले की ती संपली. त्यात कड्याला एक वेल्ड आहे आणि तो नेमका ओढीला आडवा येतो. दाबपात्रांच्या एएसएमई संहितेत दोन्ही बाजूंनी केलेल्या, पण एक्स-रे न काढलेल्या अशा जोडाला 0.7 ची कार्यक्षमता धरतात. 250 चे 0.7 म्हणजे 175. जोड 194 वर चालवायचा म्हणजे त्या हिशेबाने तो पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर. माणसं आजूबाजूला असणाऱ्या प्रयोगशाळेत मी 250 च्या तिसऱ्या हिश्श्यावर, म्हणजे 83 वर थांबतो आणि त्याला पुन्हा 0.7 लावतो. राहतात 58 मेगापास्कल. त्यावरून परिघाचा वेग निघतो सेकंदाला 86 मीटर आणि फेरे सुमारे 3300.

मुलांचे चेहरे पडले. वेग निम्म्यापेक्षा थोडाच जास्त, पण ऊर्जा 91 किलोज्यूलवरून 28 च्या आत. मग चांगलं मटेरियल घेऊ, असं एकाने सुचवलं. विचार बरोबर होता. σ आणि ρ यांचं गुणोत्तरच कड्याचा कमाल वेग ठरवतं आणि दर किलोला साठणारी ऊर्जाही त्याच गुणोत्तराच्या निम्मी असते. म्हणून हलकं आणि ताकदवान कार्बन फायबर या कामात स्टीलला सहज मागे टाकतं. पण फायबर गुंडाळायची सोय आणि प्रकल्पाचं बजेट या दोन्ही गोष्टी त्या गटाजवळ नव्हत्या.

इथे जाडी परत आली, पण दुसऱ्या कामासाठी. जाडीने ताण वाढत नाही, याचा अर्थ वस्तुमान वाढवायला ताणाची किंमत पडत नाही. पट्टी 10 × 60 ऐवजी 20 × 100 घेतली की कडं 7.4 किलोचं जवळजवळ 24.7 किलोचं होतं. 3300 फेऱ्यांना त्यात 92 किलोज्यूल बसतात, म्हणजे मूळ रेखाटनापेक्षा थोडेसे जास्तच, आणि ताण 194 ऐवजी 59. जागा आणि बेअरिंगवरचं वजन वाढतं, पण जमिनीवर बोल्ट केलेल्या यंत्राला त्याचं विशेष काही नाही. (92 किलोज्यूल म्हणजे सुमारे 25 वॉट-तास. खिशातल्या 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत 37 मावतात, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं. फ्लायव्हीलचं काम भरपूर साठवणं नाही, झटकन घेणं आणि झटकन देणं आहे.) 20 मिलिमीटर जाडीला "पातळ कडं" हे गृहीतक थोडं ढिलं होतं. पूर्ण सूत्राने आतल्या कडेचा ताण 62 च्या आसपास निघतो, म्हणजे पाच टक्के जास्त. तेवढं सोडून देता येतं.

मला खरी काळजी होती ती आऱ्यांची. σ = ρv² हे मोकळ्या कड्याचं सूत्र आहे, ज्याला कुणी कुठेच धरलेलं नाही. मोकळं कडं फिरताना चहूबाजूंनी सारखं फुगतं. 6000 फेऱ्यांना या कड्याची त्रिज्या 0.24 मिलिमीटरने वाढली असती. पण सहा आरे त्याला सहा ठिकाणी घट्ट धरतात. तिथे फुगता येत नाही, मधल्या भागात येतं, आणि प्रत्येक दोन आऱ्यांमधला तुकडा दोन्ही टोकांना पकडलेल्या तुळईसारखा वाकतो. हा वाकण्याचा ताण ओढीच्या ताणात मिळतो. जुन्या फ्लायव्हील-रचनेत यासाठी लान्झाचं सूत्र वापरतात. आरे स्वतःही थोडे ताणले जातात असं धरून ते तीन भाग ओढ आणि एक भाग वाकणं घेतं:

σ = ρv² × (0.75 + 4.935 R / (i² t))

R कड्याची त्रिज्या, i आऱ्यांची संख्या, t जाडी. आणि बघा, जाडी इथे छेदस्थानी येऊन बसली. मुलांच्या मूळ आकड्यांना, म्हणजे 250 त्रिज्या, 6 आरे आणि 10 जाडी असताना, कंसातली किंमत 4.18 होते. 194 चे होतात 810 मेगापास्कल. स्टील 410 च्या आसपास तुटतं. सूत्र जरा जास्तीच्या बाजूला झुकतं हे मान्य केलं तरी एवढा फरक भरून निघत नाही. ते चाक 6000 ला पोचलंच नसतं आणि गेलं असतं ते आरा कड्याला भेटतो त्या वेल्डजवळ. मोकळ्या कड्याचं सूत्र लावून 194 हा आकडा कुणी बरोबर काढला असता, तरीही.

नव्या कड्याला, 20 जाडी आणि 3300 फेऱ्यांना, हाच गुणक 2.46 येतो आणि ताण 144. तुटणार नाही, पण मी ठरवलेल्या 83 च्या बराच वर. म्हणजे जाडीने थोडं सावरलं, आऱ्यांनी पुन्हा बिघडवलं. आरे वाढवत नेले तर i² झपाट्याने वाढतो आणि त्याचं शेवटचं टोक म्हणजे आऱ्यांच्या जागी सलग चकती. ती कड्याला सगळीकडून सारखं धरते, त्यामुळे परिघात वाकणं राहत नाही. आम्ही तेच केलं. लेथवर कातलेल्या स्टीलच्या दोन चकत्या कड्याच्या रुंदीत दोन ठिकाणी बसवायच्या आणि त्यांवर कडं तापवून चढवायचं.

यात पुन्हा फुगणं आडवं येतं. पातळ कडं जेवढं फुगतं त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी चकती फुगते. वेग वाढला की दोघांमध्ये फट पडू लागते आणि चढवताना दिलेली पकड सुटत जाते. कड्याचा आतला व्यास 480, चकतीचा त्याहून 0.2 मिलिमीटर जास्त ठेवला; हा फरक म्हणजेच पकड. हिशेबाने कडं सुमारे 4300 फेऱ्यांना चकतीवरून पूर्ण सुटतं. 3300 ला निम्म्याहून जास्त पकड गेलेली असते, पण जी उरते ती पुरते. पकड 0.3 का नाही? कारण कडं स्थिर असतानाच 0.2 मुळे त्यात जवळपास 80 मेगापास्कल ताण येऊन बसतो आणि 0.3 ने तो 120 कडे गेला असता. फिरताना हे 80 आणि वेगाचे 59 अशी बेरीज होत नाही. पकड सुटत जाते तसा तिचा ताण कमी होतो आणि वेगाचा त्याची जागा घेतो, त्यामुळे एकूण 85 ते 90 वर राहतो. तरी हे 58 नव्हे. म्हणजे 0.7 वाला जोड आता चालणार नव्हता. वेल्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण खोलीचा आणि एक्स-रे काढलेला, ही अट ड्रॉइंगवर आली. खर्च वाढला म्हणून गट कुरकुरला, काका नाही. त्यांनीच पुढे होऊन ओळखीच्या तपासणीवाल्याला बोलावलं.

आता शिशाचे गोळे. कडं संतुलित करायला मुलांनी त्याच्या आतल्या बाजूला 150 ग्रॅमचे चार ठोकळे बोल्टने बसवायचे ठरवले होते. ठोकळा हा सलग कडं नसतो, तो स्वतःला धरू शकत नाही. त्याचं सगळं ओझं खालच्या धातूवर पडतं, म्हणजे काकांच्या टाकीला चिकटवलेला गोळा. 3300 फेऱ्यांना 150 ग्रॅमचा एक ठोकळा सव्वाचार किलोन्यूटनने, जवळपास सव्वाचारशे किलोच्या भाराने बाहेर ओढतो. 6000 ला दीड टन झाला असता. बोल्ट निसटून ठोकळा कड्याच्या कडेवरून बाजूला सरकला, तर तो सेकंदाला 80-85 मीटरने सुटतो हे वेगळंच. शिवाय बोल्टसाठी भोक पाडलं की त्याच्या कडेला ताण तिप्पट होतो. हिशेबात शांतपणे बसलेले 85 तिथे 250 ला भिडतात. म्हणून कड्याला एकही भोक नाही आणि एकही ठोकळा नाही असं ठरलं. संतुलन करायचं ते जड बाजूच्या कडेवरून हलका हात मारून, धातू काढून. काढलेल्या धातूने काही सुटून उडत नाही.

चढवायचं काम रबाळ्यालाच झालं. 480 व्यासाला 0.2 पकड आणि हात चालायला तेवढीच मोकळीक, म्हणजे व्यास 0.4 ने वाढायला हवा. स्टीलला त्यासाठी खोलीच्या तापमानावर सत्तरेक अंश पुरतात. काकांनी सगळीकडून सारखी ज्योत फिरवत कडं दीडशेला नेलं, कारण चढवायच्या मिनिटभरात ते थंड होतंच. चढवल्यावर बाहेरचा व्यास तीन जागी मोजून वहीत लिहिला. पुढे प्रत्येक चाचणीनंतर त्याच तीन जागा, तेही कडं थंड झाल्यावर. व्यास कायमचा वाढलेला दिसला तर धातू किंवा जोड कुठेतरी ताणला गेला असं समजायचं, पुन्हा फिरवायचं नाही. व्यास तोच पण कडं डगमगतंय असं डायल गेजवर दिसलं तर पकड सैल झाली. वेल्डवर दर वेळी बारीक भेगा दाखवणारं लाल रंगाचं पेनिट्रंट.

चाचणी महाविद्यालयाच्या आवारात जमिनीखालच्या रिकाम्या पंप-खड्ड्यात झाली. फुटलेलं कडं वर किंवा खाली नाही, फिरण्याच्या प्रतलात उडतं, म्हणून त्या प्रतलात भिंत आणि वाळूच्या गोण्या हव्यात, माणूस नको. तीन तुकडे झाले तर आठ किलोचा एक तुकडा ताशी अडीचशे किलोमीटरने सुटेल, हा हिशेब मुलांनी स्वतः काढला आणि त्यानंतर खड्ड्याच्या काठावर मोबाइल घेऊन उभं राहायची भाषा बंद झाली. वेग 1500, 2200, 2800, 3300 असा चढवत नेला. प्रत्येक टप्प्यानंतर थांबून मोजमाप. चारही वेळा तिन्ही जागांचा व्यास वहीतल्याइतकाच होता.

शेवटचा वाद ड्राइव्हवरून, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावरून झाला. मोटर दोन पोलची, 50 हर्ट्झला 2900 च्या आसपास फिरणारी, आणि ड्राइव्ह तिला शंभर हर्ट्झपर्यंत नेऊ शकत होता. "प्रात्यक्षिकाच्या दिवशी परीक्षकांना थोडं वर दाखवू," असं एकाचं म्हणणं. 75 हर्ट्झला कडं 4300 च्या पुढे जातं, म्हणजे पकड संपते आणि वेगाचा ताण एकटाच शंभरच्या वर. ड्राइव्हमधली कमाल वारंवारता 58 हर्ट्झवर बांधली आणि तिचा पासवर्ड प्रयोगशाळा सहायकांकडे दिला.